वातावरणाचे दहा गुण

आमच्या तालुक्यातलं एक वाचनालय दरवर्षी कथास्पर्धा घेतं. निवृत्त झाल्यापासून मी तिथे परीक्षक असतो, आणि गुणपत्रक अजून तेच आहे: कथानक ३०, व्यक्तिरेखा ३०, भाषा ३०, वातावरणनिर्मिती १०. या शेवटच्या दहा गुणांशी माझं भांडण आहे. तो रकाना काढून टाकावा, असं मी गेल्या वर्षी समितीला लेखी कळवलं. समितीने ते मनावर घेतलं नाही. एक सभासद म्हणाले, "अहो, कोकणची कथा आणि वातावरण नको? मग उरलं काय?"

उरतं पुष्कळ. पण त्यासाठी कथेतल्या ताटाकडे, अंगावरच्या कपड्याकडे, कोपऱ्यातल्या भांड्याकडे शोभा म्हणून बघणं सोडावं लागतं. तळकोकण असो की उत्तर रत्नागिरी, या किनाऱ्यावर कोणत्या घरात कुठली वस्तू असेल, हे शतकभर जमिनीच्या हिशेबाने ठरत आलं आहे. कथेत वस्तू आली की तिच्यामागून तो हिशेबही येतो. लेखकाला तो ठाऊक नसेल तर वस्तू खोटी साक्ष देते, आणि आपण त्या खोट्या साक्षीला दहापैकी नऊ गुण देऊन मोकळे होतो.

भांडण सुरू झालं ते एका कथेवरून. लेखिका तिशीच्या आतली, वाढलेली नालासोपाऱ्यात, आजोळ आमच्याच तालुक्यातल्या एका डोंगरवाडीचं. तिचं नाव सांगत नाही, कथेचंही नाही. काळ १९४६चा आषाढ. गोविंदा नावाचं कुळवाडी कूळ दिवसभर लावणी करून घरी येतं. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात बायको पितळी ताटात वाफाळता पांढराशुभ्र भात वाढते, वर नारळाच्या रसातलं बांगड्याचं कालवण. घरात भात संपत आला आहे, असं ती हळूच सांगते. गोविंदा जेवून उठतो, छत्री उघडतो आणि पावसातून गावच्या जमीनदाराकडे, खोताकडे, उसनं भात मागायला निघतो. खोत त्याला ओटीवर बसवतो, कपबशीत चहा देतो आणि मग अपमान करून परत पाठवतो. अपमानाचा प्रसंग तिने चांगला लिहिला आहे, संवादांत धार आहे. माझ्याबरोबरच्या दोन्ही परीक्षकांनी वातावरणाला नऊ-नऊ दिले. मी तीन दिले.

त्यांचं म्हणणं असं, की मी इतिहासाच्या चुका काढतोय, कथा वाचत नाही. आक्षेप रास्त आहे. तारखा आणि भांडी तपासणारा माणूस कथेचा वाचक असतोच असं नाही. म्हणून कुठून काही न आणता तिच्याच कथेतला एक आकडा घेतो. गोविंदाच्या खाचरात दोन खंडी भात पिकतं, असं तिने लिहिलंय. वीस मणांची खंडी, म्हणजे चाळीस मण. आपल्याकडच्या बऱ्याच खोती गावांत भाताचा निम्मा हिस्सा खोताला जायचा, त्याला अर्धेल म्हणत. वरकस जमिनीत, म्हणजे डोंगरउतारावर पिकणाऱ्या नाचणी-वरीत, खोताचा हिस्सा तिसरा, ते तिर्धेल. म्हणजे चाळिसातले वीस मण खळ्यावरूनच गेले. मागच्या पावसाळ्यात गोविंदाने चार मण भात दिढीने आणलं होतं, हेही कथेतच आहे. दिढी म्हणजे दीडपट परतफेड, तेव्हा सहा मण तिकडे गेले. बियाण्याला तीन मण ठेवले असं धरू. उरले अकरा. हे भात झालं, तांदूळ नव्हे. कांडून तांदूळ काढला की माप साधारण निम्म्यावर येतं, म्हणजे साडेपाच मण. मणाचं माप गावोगाव वेगळं; बारा पायल्यांचा धरला तर सहासष्ट पायल्या, चार शेरांच्या पायलीने दोनशे चौसष्ट शेर. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट आणि घरात पाच माणसं. रोज पाचजणांत मिळून पाऊण शेरही तांदूळ नाही. मीठ, कापडचोपड, लग्नकार्य, आजारपण यांसाठी त्यातलाच विकायचा, तो वेगळा.

आता आषाढातलं ते ताट पुन्हा बघा. ऐन लावणीचे दिवस, मागचं पीक सरलेलं, पुढचं अजून चिखलात. या दिवसांत पाऊण शेर तांदूळ पाचजणांत कसा पुरवायचा, याचं गोविंदाच्या बायकोकडे एकच उत्तर आहे, पेज. मूठभर तांदूळ किंवा कण्या भरपूर पाण्यात रटरटवायच्या, पाण्यासकट प्यायच्या, तोंडी लावायला मीठ नाहीतर भाजलेला सुका मासा. एरवी नाचणीची भाकरी. नाचणी का? कारण तिच्यातला एकच तिसरा हिस्सा खोताचा, दोन घरात राहायचे. भात पिकवायचं आणि नाचणी खायची, ही कुळवाड्यांची आवड नव्हती, ते हिश्श्याचं गणित होतं. आज हॉटेलात नाचणीची भाकरी पौष्टिक म्हणून आग्रहाने वाढतात, वाढोत बापडे. पण १९४६च्या कथेत ती भाकरी एका वाक्यात संपूर्ण खोती सांगून जाते. वाफाळता पांढरा भात मात्र सांगतो की या घराला खोताकडे जायचं काही कारणच नाही. कथेचा सगळा पेच कुळाच्या रिकाम्या कणगीवर उभा आहे आणि त्या ताटाने कणगी भरून टाकली आहे. ही इतिहासाची चूक नाही. ही कथानकाचीच चूक आहे, आणि ती ३० गुणांच्या रकान्यात मोजायला हवी होती.

नारळाचंही तसंच. कोकण म्हटलं की नारळ हे समीकरण पोस्टकार्डावर ठीक आहे. नारळी-पोफळीची आगरं किनाऱ्याच्या पट्ट्यात, खाडीच्या कडेला, जिथे रहाटाने शिंपणं होतं तिथे. डोंगरवाडीतल्या कुळाच्या दारात नारळ नसतो. असलाच तर एखादा, तोही देवाला, सणाला, बाळंतिणीला. रोजच्या कालवणाला दाटपणा येतो तो कुळथाच्या पिठाने. कुळीथ डोंगरवाडीतही होतो. म्हणून नारळाच्या रसाची वाटी आगरवाल्याच्या घरात रोजची आणि वरच्या वाडीत सणाची. बांगडा मात्र मी तिला माफ केला असता, कारण पावसात ताजा मासा नसतोच असं नाही. पहिल्या पावसात ओढ्यांना चढणीचे मासे येतात आणि मुलं टोपल्या लावून ते धरतात. पण होड्या वर ओढून ठेवल्यावर समुद्राचा बांगडा डोंगरावर पोचतो तो सुकाच.

हे सगळं तिला का सुचलं नाही, याचा मी बराच विचार केला. तिची चूक आळसाची नाही. तिला कोकण भेटलं ते गणपतीत आणि मे महिन्यात. म्हणजे ज्या दिवसांत आपली घरं पाहुण्यांसाठी जेवतात, त्याच दिवसांत. तिच्या आजीने तिच्यापुढे नारळाचा रस ओतला तो नात आली म्हणून. सणाचं ताट हेच रोजचं ताट, असं तिला वाटणं साहजिक आहे. आमच्या परीक्षकांना मात्र तसं वाटायला नको होतं. त्यांतले एक तर वरच्या वाडीतूनच शिकून पुढे आलेले.

छत्रीकडे येतो. मला विचाराल तर सगळी कथा तिथे आहे.

आमच्या मांगरात, म्हणजे अवजारं ठेवायच्या खोपीत, अजून एक जुनं इरलं आहे. बांबूच्या कामट्यांचा शिंपल्यासारखा सांगाडा, दोन थरांमध्ये पानं दाबून बसवलेली, आतून धुराने काळपट. उभ्या माणसाने डोक्यावर घेतलं तर ते विचित्र दिसतं, पाठीवर पोक आल्यासारखं. पण वाकून बघा. भाताची रोपं लावायला माणूस कमरेत वाकतो तेव्हा डोक्यापासून पाठीच्या खालपर्यंत ते बरोबर बसतं, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. इरलं वाकलेल्या शरीराच्या मापाने विणलेलं आहे. छत्री उभ्या माणसाची. ती धरायला एक हात लागतो, म्हणजे जो ती धरतो तो त्या हाताने काम करत नाही. लावणीच्या दिवशी बांधावर छत्री आणि चिखलात इरली असं चित्र असलं, तर कोण कोणाच्या शेतात आहे हे लेखकाने वेगळं सांगायची गरज नाही. प्लॅस्टिकचा कागद आला तशी इरली हळूहळू मांगरात गेली. पण कागदही डोक्यावरून पाठीवर सोडूनच वापरतात, हातात धरून नाही.

मग गोविंदाकडे छत्री असूच शकत नाही का? असू शकते, आणि इथेच वर्ग आणि स्वभाव यांची गाठ पडते. १९४६मध्ये अशा घरातला एखादा भाऊ गिरणीत असणार. तो होळीला किंवा गणपतीला येताना छत्री आणू शकतो. आता ती छत्री घेऊन गोविंदा खोताच्या दाराशी निघाला, तर तो काय करतो? खोताच्या वाडीची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, लागली की मिटून काखेत मारतो आणि भिजत पुढे जातो? की उघडीच ठेवून थेट खळ्यात जातो? की छत्री घरी ठेवून मुद्दाम इरलं घेऊनच जातो, म्हणजे खोताला भावाच्या पगाराचा वास लागू नये आणि भात मिळावं? तिन्ही गोविंदा एकाच जमिनीचे, एकाच हिश्श्याचे, पण माणसं तीन. वस्तू घरात कशी आली हे वर्ग सांगतो. ती हातात कशी धरली हा स्वभाव. कथेत छत्री नुसतीच "उघडली" तर दोन्ही गेलं.

रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाचा १९६८चा एक प्रसिद्ध निबंध आहे. फ्लोबेरच्या एका कथेतल्या दिवाणखान्यात पियानो आहे, त्यावर खोक्यांचा ढीग आहे आणि वर भिंतीला बॅरोमीटर टांगलाय. बार्थ म्हणतो, पियानोवरून घराची ऐपत कळते, ढिगावरून अव्यवस्था. बॅरोमीटरवरून काही कळत नाही, तो फक्त "हे सगळं खरं आहे" एवढंच सांगायला तिथे आहे. आमचा वातावरणाचा रकाना म्हणजे बॅरोमीटरला दिलेले गुण. कोकणच्या कथेतला कंदील, झोपाळा, शिंकाळं, फणसाचे गरे ही सगळी "हे कोकण आहे हं" एवढंच पुटपुटत उभी असतात. आणि मला शंका आहे ती बार्थबद्दलच. बॅरोमीटर कोणी विकत घेतला, घरातलं कोण त्याच्याकडे बघून काय ठरवायचं, मोलकरणीला तो वाचता येत होता का, हे विचारलं असतं तर तोही बोलला असता. पण ते फ्रेंचांचं त्यांनी बघावं.

कपडा हा पुरावा असतो, हे सांगायला आपल्याला पॅरिसला जायचीही गरज नाही. डिसेंबर १९२७मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरली. मनुस्मृतीचं दहन सर्वांना आठवतं. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांपुढे वेगळं भाषण केलं आणि ते लुगड्याबद्दल होतं. तुमच्या लुगडं नेसण्याच्या तऱ्हेवरून, गळ्या-हातांतल्या जड दागिन्यांवरून तुमची जात लांबून ओळखू येते. ती ओळख टाकून द्या, लुगडं इतर बायकांसारखं खाली घोट्यापर्यंत नेसा, असा त्याचा आशय. बायकांनी ते लगेच अमलात आणलं. म्हणजे आमच्याच जिल्ह्यांच्या सीमेवर, शंभर वर्षांपूर्वी, लुगड्याची उंची किती या प्रश्नाचं उत्तर राजकीय होतं. मग १९३०च्या आसपासच्या कथेत कोणी "हिरवंगार लुगडं नेसलेली कष्टाळू स्त्री" लिहिलं, तर मला रंग नको, उंची हवी. गुडघ्याला की घोट्याला, आणि घोट्याला असेल तर ती कधीपासून, कोणाच्या सांगण्यावरून, गावात त्यावर कोण काय बोललं. तिथे कथा आहे. अशीच एक नेहमीची गफलत म्हणजे विधवा दाखवायची की तिला लाल आलवण नेसवायचं. आलवण आणि केशवपन ब्राह्मण घरातलं. कुणब्याच्या घरी पाट लावायची चाल होती. कुणब्याच्या सुनेला आलवणात गुंडाळली की तिच्यापुढची दुसऱ्या घराची वाट लेखकाने न कळत बंद केली.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी, नाहीतर मी तराजू घेऊन बसलोय असं वाटेल. वस्तू फसवतातही. कोळणीच्या अंगावरचं सोनं पाहून तिला श्रीमंत समजू नये; होडी आणि जाळ्यासाठी ते कधीही गहाण पडायचं असतं, तिची बँक तिच्या गळ्यात असते. कुळाच्या घरात मोठं पितळी घंगाळ दिसलं तर त्यावर कोरलेलं नाव वाचावं. ते भलत्याच आडनावाचं निघालं तर घंगाळ लग्नापुरतं मागून आणलेलं असतं. आणि खोताच्या घरातली भांडी मोजून भागत नाही, त्यांना आतून बघावं लागतं.

पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लागते, कथलाचा थर. तो झिजला आणि आत आंबट ठेवलं की पदार्थ कळकतो; हिरवट होतो, जिभेला तुरट चव लागते, पोटाला त्रास. आमच्या किनाऱ्यावर तर आमसुलाशिवाय पान हलत नाही, त्यामुळे कल्हई नसलेल्या पातेल्यात सोलकढी म्हणजे नासाडीच. कल्हईवाला वर्षातून यायचा, भाता लावायचा, नवसागराचा धूर अंगणभर. त्याला पैसे रोख द्यावे लागत. आता असं बघा: १९३७च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, त्याआधीच अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली खोतांची जमीन कसायचं नाकारलं होतं, आणि १९४९मध्ये कायद्याने खोती गेली. त्यानंतरच्या काळातल्या खोताच्या वाड्यावर कथा लिहायची तर बहुतेक लेखक काय करतात? भिंतीला तडा पाडतात, झोपाळ्याची कडी कुरकुरवतात. त्यापेक्षा पाहुण्याला सोलकढी पितळेच्या पेल्यात न देता काचेच्या जुन्या पेल्यात का दिली, एवढंच लिहा. मांडणीवर पितळ तसंच चकचकीत, बाहेरून चिंच-राखेने घासलेलं, कारण घासायला पैसे लागत नाहीत. आतून तांबूस. बाहेरची लकाकी कायम आणि आतली कल्हई गेलेली, हे त्या वाड्याचं आणि त्यातल्या म्हाताऱ्या बाईच्या ताठ मानेचंही वर्णन झालं. आणि माझ्या डोळ्यांदेखत असं एक घर होतं, एवढं सांगून गप्प बसतो.

कथास्पर्धेचं पुढे काय झालं? त्या कथेला बक्षीस मिळालं नाही, आणि माझ्या तीन गुणांमुळे ते हुकलं हे वाडीत कळलं. लेखिकेचा फोन आला. रागावली होती. "सर, गोष्ट गोष्टीसारखी वाचा की. मला कुठे गॅझेट लिहायचं होतं?" मी तिला तिचाच दोन खंडीचा आकडा घेऊन हिशेब करून दाखवला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजी पेज प्यायची. मला वाटायचं, तिला दात नाहीत म्हणून."

दोन महिन्यांनी तिने तोच प्रसंग नव्याने लिहून पाठवला. कंदील काढला होता, कारण महायुद्धापासून रॉकेल दुर्मिळ, जेवणं दिवेलागणीआधी उरकायची, हे तिने कुठूनसं शोधून काढलं होतं. गोविंदा इरलं घेऊन निघतो, खोताच्या पडवीच्या कडेला ते भिंतीला टेकवतो, त्याचं पाणी शेणाने सारवलेल्या जमिनीवर ओघळतं आणि खोताची आई आतून एवढंच म्हणते, "ते बाहेर ठेव." गोविंदा ओटीवर चढत नाही, खाली खळ्यातच उभा राहतो. चहा त्याला मिळतच नाही. तो खोत पितो, गोविंदाच्या देखत, दोन चमचे साखर घालून.

मी पेन उचललं. समासात लिहिलं: "१९४६. साखर रेशनवर. गुळाचा चहा हवा." आणि परत पाठवलं.

तिने फक्त एक वाक्य वाढवून कागद परत केला. साखरेच्या रेशनचं दुकान गावात खोताच्या पुतण्याचं होतं. खाली मला उद्देशून लिहिलं होतं: सर, आता विचारा, साखर कुठून आली.

मी समासातलं खोडलं. गुणपत्रक यंदाही तेच आलंय, शेवटचा रकाना धरून.